चावी तिची, पेढे आपले

मैत्रिणीनं व्हॉट्सअ‍ॅपवर नव्याकोऱ्या गाडीचा फोटो टाकला, की पुढचं सगळं ठरलेलं असतं. अंगठे येतात, पुष्पगुच्छ येतात, ‘पार्टी कधी?’ विचारलं जातं. आणि कुणीतरी मावसभाऊ हमखास लिहितो, ‘आता रस्त्यानं जपून चालायला हवं बाबा!’ त्यावर हसरे चेहरे पडतात आणि अभिनंदनाचा कार्यक्रम आटोपतो. पहिल्या गाडीचं कौतुक इतक्या स्वस्तात उरकू नये. तिनं नेमकं काय केलंय आणि पुढच्या वर्षभरात तिला काय लागणार आहे, हे थोडं माहीत असलं तर शुभेच्छाही चांगल्या देता येतात आणि भेटही.

आधी लायसन्सचं. लर्निंग लायसन्स हातात आल्यावर किमान तीस दिवस थांबावं लागतं आणि सहा महिन्यांच्या आत पक्क्या लायसन्सची परीक्षा द्यावी लागते. या काळात तिनं ऑफिस, स्वयंपाक आणि मुलांचे क्लास सांभाळून सकाळी सात वाजता ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत बसून शिकवणाऱ्याची बोलणी खाल्लेली असतात. त्या गाडीत त्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. परीक्षेच्या दिवशी मात्र सगळा भार आपल्याच पायावर.

परीक्षेत गाडी मागे घ्यावी लागते, वळवावी लागते, पण नवख्याला खरा घाम फुटतो तो चढावर. मधोमध गाडी थांबवायची आणि मागे घरंगळू न देता पुन्हा पुढे काढायची. यासाठी आधी हँडब्रेक ओढून ठेवायचा. मग क्लच हळूहळू सोडत जायचं, इंजिनाचा आवाज जड होईपर्यंत. बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटलं, की गाडी चाकांना ओढू लागली असं समजायचं. त्या क्षणी थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा आणि हँडब्रेक सोडायचा. क्लच लवकर सोडलं तर गाडी आचका देऊन बंद पडते. हँडब्रेक लवकर सोडला तर ती मागे येते. मधली जागा पायालाच कळते, पुस्तकातून कळत नाही.

म्हणून मैत्रिणीला नुसतं ‘काँग्रॅट्स’ पाठवण्यापेक्षा असं काहीतरी लिहावं: ‘अगं, चढावर गाडी बंद न पाडता काढलीस म्हणे! आता सिंहगडावर पिठलं-भाकरी तुझ्याकडून, पेट्रोल माझ्याकडून.’ यात चेष्टा आहे, पण तिच्या मेहनतीची दखलही आहे. ‘बायका चालवायला लागल्या म्हणजे…’ या धर्तीचा विनोद मात्र गिळून टाकावा. तो तिनं घरात, सोसायटीत आणि क्लासच्या गाडीतही ऐकलेला असतो. शिवाय नव्यानं चालवणाऱ्याचा हात आत्मविश्वासावर चालतो. मागून हॉर्न वाजला की घाबरून क्लच सुटतं, त्यात आपण भर घालू नये.

आता गाडीचं. दसरा, पाडवा किंवा अक्षय्य तृतीया गाठून शोरूममधून गाडी बाहेर येते. हार, नारळ, चाकाखाली लिंबू, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. पूजेला आपण गेलो असू, तर दोन कामं आपल्याकडे घ्यावीत. नारळ चाकांपासून दूर फोडावा आणि करवंटीचे तुकडे वेचून टाकावेत, म्हणजे पहिल्याच दिवशी टायरची परीक्षा नको. आणि ओलं कुंकू उन्हात वाळण्याआधी मऊ फडक्यानं पुसावं. पांढऱ्या गाडीवर त्याचा गुलाबी डाग राहू शकतो.

भेट देताना खरी गफलत होते. गाडीसाठी म्हणून आपण हौसेनं जे देतो, त्यातलं बरंच काही गाडीत नसलेलंच बरं. गणपतीची मूर्तीच घ्या. डॅशबोर्डवर डाव्या बाजूला, म्हणजे शेजारच्या सीटसमोर, ऐसपैस सपाट जागा असते आणि मूर्ती तिथेच चिकटवली जाते. बहुतेक नव्या गाड्यांत त्याच जागेखाली एअरबॅग असते. जोराची धडक बसली की क्षणार्धात ती झाकण फाडून बाहेर येते आणि वर चिकटवलेली वस्तू शेजारी बसलेल्याच्या तोंडावर उडते. तिथं ‘एअरबॅग’ असं कोरलेलंही असतं, पण मुहूर्ताच्या घाईत ते कोण वाचतो? गणपती द्यायचाच तर अगदी छोटा द्यावा आणि तो मध्यभागी, एअरबॅगच्या झाकणापासून दूर बसवावा. आरशाला लटकवायची माळ मात्र नको. ती समोर डुलत राहते, आणि नवख्याची नजर आधीच दहा ठिकाणी धावत असते.

सीट कव्हरचंही तसंच. काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅग सीटच्या कडेलाच बसवलेल्या असतात. वरून जाड, घट्ट कव्हर चढवलं तर त्यांची वाट अडते. सीटच्या कडेला तशी खूण दिसली, तर त्या गाडीसाठी बनवलेलं, कडेला उसवण्याची सोय असलेलंच कव्हर घ्यावं. पायाखालची चटई देत असाल तर ती ड्रायव्हरच्या बाजूला हुकात अडकणारी हवी. सैल चटई सरकून पेडलखाली गेली, तर ब्रेक पुरता दाबला जात नाही.

मग द्यायचं काय? टायरमधली हवा मोजायचं छोटं यंत्र द्या. दाराच्या चौकटीवर हवा किती हवी ते लिहिलेलं असतं, आणि टायर थंड असताना मोजायची एवढंच तिला सांगा. मैत्रिणीनं स्कूटर घेतली असेल तर मागच्या माणसासाठी आयएसआय खुणेचं दुसरं हेल्मेट द्या. त्यावर आपलाच हक्क राहील, हा वरचा फायदा.

सगळ्यात चांगली भेट मात्र फुकट आहे. पहिले काही रविवार सकाळी लवकर उठून तिच्या डाव्या बाजूला बसा. रस्ते मोकळे असतात, उड्डाणपुलाच्या चढावर थांबून पुन्हा निघायचा सराव होतो. तुमचं काम एवढंच, की आरशात बघून मागचं सांगायचं, ‘ए, ए, ब्रेक!’ असं ओरडायचं नाही, आणि गाडी बंद पडली तर ‘घाई नाही, परत सुरू कर’ म्हणायचं.

आणि एक तारीख तुमच्याकडे लिहून ठेवा. नवी कार घेताना दुसऱ्याच्या नुकसानीचा, म्हणजे थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा काढावा लागतो. दुचाकीला पाच वर्षांचा. त्यामुळे अनेकांना वाटतं, की आता तीन वर्षं बघायलाच नको. पण आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बऱ्याचदा एकाच वर्षाचा असतो. तो संपल्यावर पार्किंगमध्ये खांबाला दार घासलं, तर दुरुस्तीचं बिल पुरतं आपल्याच खिशातून जातं. पॉलिसीवर दोन्ही मुदती वेगवेगळ्या छापलेल्या असतात. पेढा खातानाच ती उघडून बघा, दुसरी तारीख फोनमध्ये टाका, आणि पुढच्या वर्षी तिच्या गाडीच्या वाढदिवसाआधी आठवडाभर तिला कळवा: ‘बाई, विमा भर, आणि या वर्षीचे पेढेही बाकी आहेत!’