शॉट मोजायचे कसे? ‘स्वदेस’मधल्या पाण्याच्या सीनचं गणित

सांगलीच्या एका श्रोत्याने फिल्म स्टडीजच्या निबंधाचा कच्चा मसुदा पाठवलाय. सीन छान निवडलाय, पण त्यात ‘कॅमेरावर्क अप्रतिम आहे’ हे वाक्य तीनदा आलंय. परीक्षकाला त्यातून काहीच कळत नाही. म्हणून आजचा भाग: शॉटची लांबी, कट आणि कॅमेऱ्याची हालचाल कशी नोंदवायची आणि त्यातून मुद्दा कसा काढायचा.

सीन आपल्याच भागातल्या पिक्चरचा घेऊ. आशुतोष गोवारीकरांचा ‘स्वदेस’, 2004. यातलं चरणपूर गाव म्हणजे बरंचसं सातारा जिल्ह्यातलं वाईजवळचं मेणवली. छायाचित्रण महेश अणे यांचं, संकलन बल्लू सलुजा यांचं. आणि सीन तो, ज्यात बाटलीबंद पाणीच पिणारा मोहन रेल्वेच्या खिडकीतून एका लहान पोराकडून पंचवीस पैशांचं पाणी विकत घेतो.

पहिलं काम म्हणजे हद्द ठरवणं. सीन कुठे सुरू आणि कुठे संपला हे निबंधात लिहायचंच. उदाहरणार्थ, गाडी थांबते तिथपासून गाडी सुटल्यानंतर पुढचा प्रसंग सुरू होईपर्यंत. यूट्यूबवरच्या छोट्या क्लिपवर मोजू नका. ती बऱ्याचदा शॉटच्या मधूनच सुरू होते, मग पहिल्या आणि शेवटच्या शॉटची लांबी चुकते. पूर्ण पिक्चर घ्या.

दुसरं काम नोंदीचं. वहीत चार रकाने पाडा: शॉट सुरू होण्याची वेळ, चौकट किती जवळची (क्लोज-अप, मिड की लाँग), कॅमेऱ्याची हालचाल, आणि कट का झाला. मोबाईलवर वेग 0.25x करा, म्हणजे कट सापडतो. आधी एकदा आवाज बंद ठेवून बघा, कारण संगीत चालू असलं की डोळा कट विसरतो. चौथ्या रकान्यात ‘नजर’, ‘संवाद’ किंवा ‘हालचाल’ एवढंच लिहिलं तरी चालतं. मोहनने बाहेर बघितलं आणि पुढच्या शॉटमध्ये पोरगा दिसला, तर तो नजरेवरचा कट.

आता गणित. समजा (हा आकडा फक्त उदाहरणासाठी, तुमचा तुम्ही मोजा) सीन 90 सेकंदांचा आणि त्यात 18 शॉट. सरासरी आली 5 सेकंद. पण त्यातला एकच शॉट 22 सेकंदांचा असेल, तर उरलेल्या 17 शॉटना मिळून 68 सेकंद, म्हणजे सरासरी 4. त्या एका शॉटने आकडा फुगवला. म्हणून सरासरीसोबत मध्यक पण द्या: सगळ्या लांब्या चढत्या क्रमाने लावायच्या आणि मधली घ्यायची. 18 ओळी असतील तर नवव्या आणि दहाव्या लांबीची सरासरी. दोन आकड्यांत फरक दिसला, की तो लांबलेला शॉट शोधा. निबंधाचा मुद्दा बहुतेक वेळा तिथेच असतो. तो पोराच्या चेहऱ्यावर आहे, मोहनच्या, की पाणी पिण्याच्या क्षणावर? दिग्दर्शकाने प्रेक्षकाला कुठे थांबवलंय, ते तिथे दिसतं.

तिसरा रकाना सगळ्यात फसवा. झूम आणि ट्रॅक यांत गल्लत होते. झूममध्ये कॅमेरा जागचा हलत नाही, फक्त चित्र मोठं होतं. ट्रॅकमध्ये कॅमेराच पुढे सरकतो. ओळखायची खूण म्हणजे जवळची आणि लांबची वस्तू. खिडकीचा गज आणि मागचा खांब यांची एकमेकांच्या तुलनेत जागा बदलली, तर कॅमेरा सरकलाय. दोन्ही सारखेच मोठे झाले तर झूम.

आणि गाडी सुटली की खरी गंमत. डब्यात स्थिर ठेवलेला कॅमेराही फलाटाच्या दृष्टीने पळतोच ना? मग हालचाल लिहायची की नाही? माझा नियम असा: ‘डब्याच्या तुलनेत स्थिर, बाहेरचं दृश्य सरकतंय’ असं लिहायचं. मोहन चौकटीत थांबलाय आणि पोरगा मागे पडतोय, हे अंतर गाडीने तयार केलं की कॅमेऱ्याने, याचं उत्तर या एका ओळीत मिळतं.

शेवटची सावधगिरी. आकडे भावना सिद्ध करत नाहीत. ‘शॉट लांब, म्हणून सीन करुण’ असं लिहू नका, लांब शॉट विनोदीही असतो. लिहायचं असं: अमुक वेळेपर्यंत कट नजरेवर होते, इथे संकलकाने कट करायचं टाळलं, आणि याच वेळी मोहन ते पाणी पितो. आकडा, जागा आणि प्रसंग ही तीन टोकं जुळली, की दावा पक्का.

तर मंडळी, चार रकाने पाडा आणि बसा. तुमच्या तक्त्यात सगळ्यात लांब शॉट कोणाच्या चेहऱ्यावर आला, ते कळवा. पुढच्या भागात भेटूच!