जाहिरातीचा हिशेब, ग्राहकाचा माग न काढता

कोल्हापूरकडच्या एका मसाला कंपनीची कल्पना करा. कंपनी काल्पनिक आहे, अडचण मात्र खरी आहे. तिची जाहिरात मराठी वाहिन्यांवर लागते, वृत्तपत्रांच्या जिल्हा आवृत्त्यांत छापून येते आणि मोबाइलवर व्हिडिओच्या आधी दिसते. माल विकला जातो तो किराणा दुकानात, रोख पैशांवर. मटण मसाल्याचं पाकीट मागणाऱ्या बाईंनी त्याआधी टीव्ही पाहिला होता की पेपर, याची नोंद कुठेही होत नाही. मग तीन माध्यमांपैकी कोणतं माध्यम माल खपवतं, हे मालकांनी ठरवायचं कसं?

ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना बरीच वर्षं वाटत होतं, की आपल्यापुढे हा प्रश्नच नाही. कोणी जाहिरातीवर बोट ठेवलं आणि पुढे कोणी खरेदी केली, हे कुकीज आणि फोनच्या ओळखक्रमांकावरून जुळवता येत असे. ही सोय हळूहळू आटली. सफारी ब्राउझरने २०२० मध्ये त्रयस्थ कुकीज पूर्ण बंद केल्या. एप्रिल २०२१ मध्ये iOS 14.5 आलं आणि माग काढण्याआधी आयफोनधारकाची परवानगी विचारणं प्रत्येक अॅपला बंधनकारक झालं. युरोपात २०१८ पासून, तर भारतात २०२३ च्या कायद्याने संमतीचा मुद्दा ऐरणीवर आला. क्रोमने कुकीज अखेर ठेवल्या, पण माग तुटक झाला तो झालाच. मसाला कंपनी पहिल्यापासून जिथे उभी होती, तिथे आता ऑनलाइन दुकानदारही येऊन पोहोचले आहेत.

अशा वेळी कामी येते ती ‘मीडिया मिक्स मॉडेलिंग’ ही पद्धत. तिला एकाही माणसाचं नाव, नंबर किंवा फोन लागत नाही. लागतात ते आठवड्यांचे बेरजेचे आकडे: या आठवड्यात कुठे किती जाहिरात झाली आणि किती माल खपला. दोन-तीन वर्षांचे असे आकडे एकाखाली एक मांडायचे, आणि जाहिरात वाढली-घटली तेव्हा विक्री किती हलली, हे संख्याशास्त्रातल्या रिग्रेशनने काढायचं.

त्यात दोन गोष्टी धरून चालतात. पहिली म्हणजे जाहिरातीचा परिणाम रेंगाळतो. ब्रिटिश जाहिरात-अभ्यासक सायमन ब्रॉडबेंट यांनी १९७९ मध्ये याला ‘अॅडस्टॉक’ म्हटलं. समजा, टीव्हीचा निम्मा परिणाम पुढच्या आठवड्यात उरतो. मग आज १०० एककांची जाहिरात दिली, तर नंतरच्या आठवड्यांत काहीही न देता ५०, २५, साडेबारा असा परिणाम मिळत राहतो. दुसरी गोष्ट म्हणजे पैशाचा जोर ओसरत जातो. पहिल्या लाखाने जेवढी विक्री वाढते, तेवढी दहाव्या लाखाने वाढत नाही, कारण तीच माणसं तीच जाहिरात पुन्हा पाहत असतात.

ही गणितं करणारी साधनं आज फुकट मिळतात. मेटाचं रॉबिन आहे, गुगलचं मेरिडियन २०२५ च्या जानेवारीत सर्वांसाठी खुलं झालं. दोन्ही कंपन्या स्वतः जाहिरातीची जागा विकतात, हे वापरणाऱ्याने ध्यानात ठेवावं. पण खरा घोळ साधनात होत नाही, तो त्यात भरल्या जाणाऱ्या आकड्यांत होतो.

आपल्या मसाला कंपनीचा तक्ता उघडून पाहू. तीन वर्षं म्हणजे १५६ आठवडे, म्हणजे १५६ ओळी. पहिलाच रकाना विक्रीचा, आणि पहिली चूक तिथेच होते. हिशेब विभागाकडे तयार असते ती प्रायमरी सेल, म्हणजे कंपनीने वितरकाला केलेली विक्री. मार्चअखेर टार्गेट गाठण्यासाठी सेल्समन वितरकांच्या गोदामात माल भरतात. आकडा उसळतो, एप्रिलमध्ये तितकाच आपटतो. लोकांनी मात्र मसाला नेहमीइतकाच खाल्लेला असतो. मार्चमध्ये टीव्हीवर जाहिरात चालू असली, तर मॉडेल त्या उसळीचं श्रेय बिनदिक्कत टीव्हीला देतं. म्हणून निदान सेकंडरी सेल, म्हणजे वितरकाकडून दुकानात गेलेला माल तरी हवा, तोही जिल्हावार आणि आठवडावार. बहुतेक ठिकाणी तो वितरकांच्या बिलिंगमध्ये असतो, फक्त एकत्र केलेला नसतो.

दुसरा रकाना जाहिरातीचा. इथेही हिशेब विभागाचा आकडा फसवतो, कारण तो बिलाच्या तारखेचा असतो. ऑगस्टमध्ये छापलेल्या जाहिरातीचं बिल ऑक्टोबरमध्ये चुकतं झालं, तर तक्त्यात ती जाहिरात दिवाळीच्या तोंडावर येऊन बसते. हवी असते ती जाहिरात लोकांपुढे आली त्या आठवड्याची नोंद. टीव्हीसाठी जीआरपी, मोबाइलसाठी किती वेळा दाखवली तो आकडा, पेपरसाठी आवृत्ती आणि जागा. खर्च शेजारच्या रकान्यात वेगळा ठेवायचा, कारण सणासुदीला दर चढतात आणि त्याच पैशात कमी जाहिरात मिळते.

तिसरा गट जाहिरातीशी संबंध नसलेल्या कारणांचा. पाकिटाची किंमत, दुकानदाराला दिलेली स्कीम, किती दुकानांत माल होता, कधी संपला होता, प्रतिस्पर्ध्याने भाव कधी पाडला. आणि सण. परदेशात ऋतुमानासाठी वर्षातल्या आठवड्याचा क्रमांक बऱ्यापैकी पुरतो, कारण नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरलाच येतो. आपल्याकडे मटण मसाल्याची विक्री आषाढ संपताना चढते आणि श्रावणात उतरते. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, त्यामुळे निज श्रावण १७ ऑगस्टला सुरू झाला. २०२४ मध्ये तो ५ ऑगस्टला लागला, २०२५ मध्ये २५ जुलैलाच. आठवड्याच्या क्रमांकावर विसंबलेलं मॉडेल २०२५ च्या जुलैअखेरची घट पाहून म्हणेल, जाहिरात निकामी ठरली. पंचांगातून तिथ्या काढून श्रावण, नवरात्र, दिवाळी यांचे वेगळे रकाने करणं हे काम कोणतंही परदेशी साधन आपसूक करत नाही.

हे सगळं चोख केलं, तरी सगळ्यात मोठी अडचण उरतेच. कंपनी जाहिरात वाढवते कधी? मागणी वाढणार असते तेव्हा. तिन्ही वर्षं दिवाळीआधी टीव्ही, पेपर, मोबाइल हे तिन्ही एकदम वाढले आणि नंतर एकदम उतरले, तर विक्री त्यातल्या कोणामुळे वाढली, की दिवाळीमुळेच वाढली, हे त्या आकड्यांत लिहिलेलंच नसतं. १५६ ओळींच्या जागी हजार ओळी दिल्या, तरी ते उमटणार नाही. मॉडेल मात्र उत्तर देतंच, आणि ठाम वाटेल असं देतं.

उत्तर पोकळ आहे, हे ओळखायच्या खुणा आहेत. मधले दोन-तीन महिने वगळून मॉडेल पुन्हा चालवावं. टीव्हीचा आणि पेपरचा क्रम उलटला, तर त्या क्रमाला अर्थ नव्हता. शेवटचे तेरा आठवडे झाकून ठेवून त्यांचा अंदाज वर्तवायला सांगावा. तो सपशेल चुकला, तर मॉडेलने फक्त जुने आकडे पाठ केले होते. ‘एका रुपयामागे दोन रुपयांची विक्री’ असं उत्तर आलं, तर मर्यादा विचारावी. ती वीस पैशांपासून चार रुपयांपर्यंत पसरली असेल, तर मधल्या ‘दोन’वर बजेट हलवू नये. उलट, अंदाज नेमका आला म्हणजे श्रेयवाटपही बरोबर, असंही नाही. नुसत्या सणांवरून विक्रीचा अंदाज छान बांधता येतो.

यावरचा खरा उपाय म्हणजे जाहिरात मुद्दाम कमी-जास्त करून पाहणं. ईबेने हे करून दाखवलं. लोक ‘ईबे’ असं नावच शोधत असताना वर दिसणाऱ्या जाहिरातीसाठी कंपनी पैसे मोजत होती. २०१२ मध्ये काही सर्च इंजिनांवर ती बंद केली, तेव्हा तिथून येणारे जवळपास सगळे लोक खालच्या फुकट दुव्यावरून आलेच. पुढे अमेरिकेच्या काही भागांत इतर शब्दांच्या जाहिरातीही थांबवून पाहिल्या. सर्वसाधारण विक्रीवर झालेला परिणाम फारच थोडा निघाला. थॉमस ब्लेक, क्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टॅडेलिस यांनी हे २०१५ मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’त मांडलं. नुसत्या जुन्या आकड्यांवरून याच जाहिराती भरघोस फायद्याच्या दिसत होत्या.

मसाला कंपनीला हे जिल्हावार करता येईल. समजा, मॉडेल म्हणतं की पेपरमधल्या एका रुपयामागे दोन रुपयांची विक्री होते. पेपरांच्या जिल्हा आवृत्त्या वेगळ्या असल्याने चार जिल्ह्यांत सहा आठवडे जाहिरात थांबवता येते. या चार जिल्ह्यांची विक्री एरवी बाकीच्यांच्या निम्मी असते. त्या सहा आठवड्यांत बाकीच्या जिल्ह्यांत आठवड्याला सरासरी ११०० पेट्या गेल्या, म्हणजे इथे ५५० जायला हव्या होत्या. गेल्या ५३०. आठवड्याला २० पेट्या कमी, म्हणजे सहा आठवड्यांत १२०. पेटी ३००० रुपयांची धरली, तर विक्री ३ लाख ६० हजारांनी घटली. जाहिरातीचे वाचले ६ लाख. म्हणजे एका रुपयामागे दोन रुपये नव्हे, साठ पैसे, आणि तेही विक्रीचे, नफ्याचे नव्हेत.

या साठ पैशांवर लगेच शिक्कामोर्तब करायचं नसतं. वीस पेट्यांचा फरक एखाद्या आठवड्यात असाही पडतो. सहाही आठवडे घट एकाच दिशेला राहिली का, आणि आधीच्या वर्षात असं सलग कधी झालं होतं का, हे तपासावं लागतं. जाहिरात रेंगाळते, म्हणून थांबवल्याचा परिणामही उशिरा दिसतो. त्यामुळे पुढचे काही आठवडे मोजत राहावं लागतं. शेजारच्या जिल्ह्यातला घाऊक व्यापारी याच दुकानांना माल पोहोचवत असेल, तर आकडे गढूळ होतात. टीव्ही तर असा जिल्ह्यापुरता बंद करताच येत नाही. तिथे काही आठवडे राज्यभर विश्रांती देऊन, तीही सण नसताना, मॉडेलवर भिस्त ठेवावी लागते.

प्रयोगाने मिळालेला आकडा मग मॉडेलला सुरुवातीची माहिती म्हणून दिला जातो. मेरिडियनसारख्या बायेशियन साधनांत त्यासाठी सोय असते. पेपरचं श्रेय खाली आलं, की विक्रीतला तेवढा वाटा दिवाळीकडे, टीव्हीकडे किंवा मूळच्या मागणीकडे जातो आणि बाकीची उत्तरंही सुधारतात.

म्हणून पुढच्या वर्षाचं बजेट आखतानाच ठरवावं, की कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या आठवड्यांत, कोणतं माध्यम थांबेल. यात थोडी विक्री हातची जाईल, सेल्सची माणसं कुरकुरतील. पण आज ज्यांच्याकडे सेकंडरी सेलचा आठवडावार तक्ता नाही आणि जाहिरात कधीच थांबलेली नाही, त्यांनी मॉडेल बनवून घेण्यावर पैसे घालू नयेत. आधी तक्ता सुरू करावा, एक माध्यम चार जिल्ह्यांत थांबवून पाहावं, आणि मग मॉडेलकडे वळावं.