दोन फ्लॅट, दोन षड्ज

मोत्झार्टने 25 जुलै 1788 रोजी व्हिएन्नात आपली चाळिसावी सिंफनी लिहून पूर्ण केली. तिची सुरुवात मराठी कानांना अनोळखी नाही. ‘छाया’ (1961) या चित्रपटात तलत महमूद आणि लता मंगेशकर यांनी गायलेलं जे गाजलेलं द्वंद्वगीत आहे, त्याच्या मुखड्याला सलील चौधरींनी याच सिंफनीच्या पहिल्या सुरावटीचा आधार घेतला होता. या सिंफनीचं छापील पुस्तक उघडलं की व्हायोलिनच्या पाच रेघांवर डाव्या कडेला आधी क्लेफचं वळणदार चिन्ह दिसतं आणि त्याला लागून इंग्रजी बी अक्षरासारखी दोन बारीक चिन्हं. एक मधल्या रेघेवर, दुसरं सर्वांत वरच्या दोन रेघांच्या मध्ये. ही झाली की सिग्नेचर. तालाचा आकडा फक्त पहिल्या ओळीत लिहितात, ही दोन चिन्हं मात्र प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला पुन्हा येतात. रचनेचा सा कुठला, हे शोधायला सुरुवात इथूनच करायची.

त्या दोन चिन्हांचा अर्थ पेटीवर चटकन कळतो. मधली रेघ म्हणजे बी, आपली पांढरी सात. तिच्यावर फ्लॅट आहे, म्हणून बी लिहिला असेल तिथे अर्धा स्वर खाली उतरून काळी पाच वाजवायची. वरची जागा ई, म्हणजे पांढरी तीन. तिच्याऐवजी काळी दोन. हा नियम सगळ्या सप्तकांना लागू असतो. खर्जात बी आला तरी तो बी फ्लॅटच. मध्येच एखाद्या स्वरापुढे शार्प, फ्लॅट किंवा पूर्ववत करणारं नॅचरल असं सुटं चिन्ह आलं, तर त्याचा अंमल तेवढ्या बारपुरता. पुढच्या उभ्या रेघेला तो संपतो.

म्हणजे सिग्नेचरने आपल्याला सात स्वर दिले: जी, ए, बी फ्लॅट, सी, डी, ई फ्लॅट, एफ. पण यातला सा कोणता?

युरोपीय संगीतातलं मेजर सप्तक म्हणजे आपले सगळे शुद्ध स्वर, बिलावल थाटाचे. सी म्हणजे पांढरी एक सा मानली की ते सगळे पांढऱ्या पट्ट्यांवर सापडतात. म्हणून सी मेजरच्या सिग्नेचरमध्ये काहीच नसतं. आता तिथला पंचम, म्हणजे जी, नवा सा करा. बाकी सगळं जमतं, फक्त शुद्ध निषादासाठी एफ अर्धा स्वर चढवावा लागतो. झाला एक शार्प. त्याच्या पंचमाला, डीला, सा करा. एफ शार्प तसाच राहतो आणि नव्या निषादासाठी सी शार्पची भर पडते. दर वेळी पंचमावर चढलं की जुने शार्प कायम ठेवून एक नवा येतो, आणि नवा आलेला नेहमी त्या सप्तकाचा शुद्ध निषाद असतो. म्हणून शार्प नेहमी ठरलेल्या क्रमानेच लिहितात: एफ, सी, जी, डी, ए, ई, बी. आणि म्हणूनच शेवटच्या, सर्वांत उजवीकडच्या शार्पच्या अर्धा स्वर वर मेजरचा सा असतो. चार शार्प दिसले तर शेवटचा डी; त्याच्या वर ई. रचना ई मेजरची असू शकते.

फ्लॅटची चाल उलट दिशेने. सी सा असताना मध्यम आहे एफ. एफला सा केलं तर शुद्ध मध्यमासाठी बी उतरवावा लागतो, कारण बी तसाच ठेवला तर तो तीव्र मध्यम होतो. झाला एक फ्लॅट. पुढे बी फ्लॅटला सा केलं की ई उतरतो. इथे नवा येणारा प्रत्येक फ्लॅट हा शुद्ध मध्यम आहे. क्रम शार्पच्या नेमका उलटा: बी, ई, ए, डी, जी, सी, एफ. संगीताच्या वर्गात शिकवतात की फ्लॅटमध्ये शेवटून दुसरा फ्लॅट म्हणजे मेजरचं नाव. मुलं ते पाठ करतात, पण का ते त्यांना सहसा सांगितलं जात नाही, याचं मला वाईट वाटतं, कारण कारण अगदी सोपं आहे. दर पायरीला आपण आधीच्या मध्यमाला सा करत गेलो. आधीचा मध्यम म्हणजे आधी आलेला फ्लॅट. तोच आताचा सा, आणि त्याच्यानंतर लिहिलेला हा आताचा मध्यम. एकच फ्लॅट असेल तर त्याच्या आधी दुसरा नसतो. तेव्हा एफ मेजर हे लक्षात ठेवावं लागतं.

मोत्झार्टच्या पानावर दोन फ्लॅट आहेत. शेवटून दुसरा बी फ्लॅट. नियमाने ही रचना बी फ्लॅट मेजरमध्ये असायला हवी. पण सिंफनीच्या नावातच जी मायनर आहे.

हे सात स्वर बी फ्लॅट मेजरचे आहेत, हे खरंच. पण त्याच स्वरांतल्या धैवताला सा मानून सप्तक लावलं, आपण मूर्च्छना बदलतो तसं, तर ग, ध, नी कोमल होतात. आसावरी थाटाचे हे स्वर म्हणजेच युरोपीय मायनर सप्तकाचा मूळ साचा. बी फ्लॅटचा धैवत आहे जी. म्हणून दोन फ्लॅट म्हणजे बी फ्लॅट मेजर किंवा जी मायनर. अशी जोडी प्रत्येक सिग्नेचरला असते आणि मायनरचा सा मेजरच्या सापासून तीन पट्ट्या खाली, काळ्या-पांढऱ्या दोन्ही मोजून. सिग्नेचरचं काम इथपर्यंतच. दोघांतला एक ती निवडून देत नाही.

निवड कशी करायची, ते या सिंफनीच्या पहिल्या काही बारमध्ये फार सुंदर दिसतं. व्हायोलिनची सुरावट आहे ई फ्लॅट-डी-डी, ई फ्लॅट-डी-डी, ई फ्लॅट-डी-डी, आणि मग झेप घेऊन वरचा बी फ्लॅट. बी फ्लॅट सा मानून गाऊन पाहा: म ग ग, म ग ग, म ग ग सा. अगदी बरोबर लागतं. जी सा मानून गा: कोमल ध प प, कोमल ध प प, कोमल ध प प आणि कोमल ग. हेही लागतं. नुसती सुरावट दोन्ही दारं उघडी ठेवते.

पण खाली पाहा. चेलो आणि डबल बास सुरुवातीपासून जी धरून बसले आहेत, व्हायोला जी आणि बी फ्लॅट घोळवत आहेत. आधार जीचा आहे. दुसरा पुरावा सुरावटीतच, जरा पुढे मिळतो. पहिली ओळ संपून तीच चाल एक पायरी खालून पुन्हा येते, आणि तिच्या उतारात ए, जी आणि मग एफच्या पुढे सुटा शार्प दिसतो. हा एफ शार्प सिग्नेचरमध्ये नाही आणि बी फ्लॅट मेजरला त्याची गरजही नाही. तिथे एफ पंचम आहे, अचल. जी मायनरमध्ये मात्र एफ कोमल निषाद, आणि तो चढवला की शुद्ध निषाद होऊन साकडे ओढ घेतो. मायनरमधल्या रचनांना ही ओढ हवीच असते, पण ती सिग्नेचरमध्ये लिहिण्याची पद्धत नाही. दर वेळी सुटं चिन्ह टाकतात. म्हणून वाचणाऱ्याने आधी मेजरचा सा काढावा आणि मग त्या मेजरच्या पंचमापुढे पुन्हा पुन्हा सुटा शार्प किंवा नॅचरल येतो का ते पाहावं. येत असेल तर बहुतेक मायनर. शेवटी रचनेच्या अखेरच्या बारमधला सर्वांत खालचा स्वर बघावा. रचना तिथे घरी आलेली असते. पहिल्या स्वरावर विसंबू नये. इथे तो ई फ्लॅट होता आणि ई फ्लॅट काही सा नाही.

याच पहिल्या भागात पुढे दुसरी, शांत सुरावट येते ती खरोखर बी फ्लॅट मेजरमध्ये. सिग्नेचर तीच, सा वेगळा. आणखी पुढे मोत्झार्ट थेट एफ शार्प मायनरमध्ये जातो, ज्याची स्वतःची सिग्नेचर तीन शार्पची आहे. तरी ओळीच्या सुरुवातीचे दोन फ्लॅट बदलत नाहीत. सगळा फरक सुट्या चिन्हांनी भागवला आहे आणि ती पानं शार्प-नॅचरलनी गजबजून जातात. रचनेचं घर कुठलं ते सिग्नेचर सांगते; वाटेतल्या प्रत्येक मुक्कामाचा पत्ता तिच्याकडे नसतो. मुक्काम लांबला तर मात्र ती बदलते. दुसरा भाग पूर्णच ई फ्लॅट मेजरमध्ये, म्हणून तीन फ्लॅट: बी, ई, ए. तिसऱ्या भागातला मधला तुकडा जी मेजरमध्ये, म्हणून तिथे फक्त एक एफ शार्प.

हे वाचन मुंबईच्या ध्वनिमुद्रणांत रोजचं होतं. गोव्यातल्या चर्चशी जोडलेल्या शाळांमध्ये स्टाफ नोटेशन शिकलेले वादक हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात मोठ्या संख्येने होते. गायकाची पट्टी बदलली की सिग्नेचर बदलते, आणि वादकांच्या हातात वेगळे कागद द्यावे लागतात.

त्या कागदांवरून एक फसगत होऊ शकते. या सिंफनीत मोत्झार्टने नंतर क्लॅरिनेट घातले. बी फ्लॅट क्लॅरिनेट लिहिलेल्या स्वरापेक्षा एक पूर्ण स्वर खाली वाजतो, म्हणून जी ऐकू येण्यासाठी त्याच्या कागदावर ए लिहितात. ए मायनरच्या सिग्नेचरमध्ये काहीच नाही. कागद कोरा दिसतो. हॉर्नच्या ओळीही सिग्नेचरविना असतात, पण कारण वेगळं: त्या काळच्या हॉर्नच्या नळीची लांबी बदलून त्याची पट्टी ठरवत आणि लिहिताना सीचे स्वर लिहीत. सिंफनीचा सा शोधायचा तर व्हायोलिन, चेलो अशा, लिहिलंय तेच वाजणाऱ्या वाद्यांची ओळ बघावी.

दुसरी फसगत जुन्या लेखनाची. बाखने 1720 ची तारीख घालून सहीनिशी लिहिलेल्या एकल व्हायोलिनच्या हस्तलिखितात पहिला सोनाटा जी मायनरचा आहे, पण त्याच्या सुरुवातीला एकच फ्लॅट आहे. नियम लावला तर एफ मेजर किंवा डी मायनर निघेल. तेव्हा मायनरमधला सहावा स्वर सिग्नेचरमध्ये न धरण्याची जुनी रीत अजून चालू होती. कोमल धैवत, म्हणजे ई फ्लॅट, बाख लागेल तिथे सुटा लिहितो. हा सोनाटा जीचाच आहे हे कळायला फार पुढे जावं लागत नाही. पहिल्याच ठोक्याला व्हायोलिनच्या चारही तारांवर मिळून जे स्वर लागतात ते आहेत जी, डी, बी फ्लॅट आणि पुन्हा जी.