डोळ्याच्या कोपऱ्यातली फट

सकाळी सव्वासहाला मोबाइलवर एक फोटो आला. खाली एकच ओळ होती : "डॉक्टर, वासरू दूध पिईना, जरा बघा." फोटो उभ्या माणसाने वरून, फ्लॅश लावून काढलेला. गोठ्यातल्या गोणपाटावर पाच दिवसांची संकरित कालवड मान कुशीला वळवून बसलेली. या फोटोवरून मला काहीही सांगता येत नव्हतं. निरोगी वासरूही झोपताना अशीच मान वळवून बसतं आणि मरणाच्या दारातलंही असंच बसतं.

मी फोन करून सांगितलं, की आधी तिला उठवा आणि मग तीन फोटो काढा. एक बाजूने, तिच्या पाठीच्या उंचीला वाकून. दुसरा डोळ्याचा, अगदी जवळून, खालची पापणी बोटाने हलकेच बाहेर ओढून. तिसरा मागून, शेपटी वर धरून. तिन्ही गोठ्याबाहेर सावलीत, फ्लॅश बंद ठेवून. दहा मिनिटांत फोटो आले, आणि पहिल्या फोटोत न दिसलेलं सगळं त्यांत होतं.

सुरुवात डोळ्यापासून करतो, कारण फोटोत सर्वांत खरं बोलतो तो डोळाच. धडधाकट वासराचा डोळा खोबणीत भरून बसलेला असतो. पापणी बुबुळाच्या गोळ्याला चिकटून असते, त्यामुळे पृष्ठभाग ओला दिसतो आणि खिडकीचा उजेड त्यात स्पष्ट चमकतो. हगवण लागली की शरीरातलं पाणी आणि मीठ विष्ठेवाटे निघून जातं. डोळ्यामागच्या खोबणीतलं पाणीही आटतं, गोळा मागे सरकतो आणि नाकाकडच्या कोपऱ्यात पापणी व डोळा यांच्यामध्ये फट पडते. आम्ही ही फट मोजतो. जितके मिलिमीटर भरतील त्याला १.७ ने गुणलं, की वासराच्या वजनाच्या साधारण किती टक्के पाणी गेलं याचा अंदाज येतो. मोबाइलच्या फोटोत मोजपट्टी नसते. म्हणून मी शेतकऱ्यांना सांगतो, त्या कोपऱ्यात ज्वारीचा दाणा बसेल असं वाटलं तर थांबू नका. ज्वारीचा दाणा चारेक मिलिमीटरचा असतो, म्हणजे सुमारे सात टक्के पाणी गेलेलं. पाच टक्क्यांपर्यंतची तूट डोळ्याने नीट कळतही नाही. दहा-बारा टक्क्यांना वासरू आडवं पडतं. वाचवायला मिळणारा वेळ या दोन टोकांच्या मधलाच, आणि पुष्कळदा तो एका दिवसाहून कमी असतो.

या कालवडीच्या फोटोत फट दाण्याहून किंचित मोठी होती. साडेचार मिलिमीटर धरली तर तूट आठ टक्क्यांच्या आसपास येते. वजन सव्वीस किलो, म्हणजे अंगातलं दोन लिटर पाणी गेलेलं. तिसऱ्या फोटोने कारणही दाखवलं : शेपटीचे केस पिवळट-पांढऱ्या पातळ विष्ठेने लडबडून पायाला चिकटलेले. मालकाला हगवण दिसली नव्हती, कारण पातळ विष्ठा गोणपाटात जिरून गेली होती.

डोळाही कधीकधी फसवतो, आणि त्याचे दोन प्रकार ओळखता आले पाहिजेत. बरेच दिवस अर्धपोटी राहिलेल्या वासराच्या डोळ्यामागची चरबी झिजते, मग पाणी पुरेसं असूनही डोळे खोल दिसतात. अशा वेळी मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडायची. ती लगेच सपाट झाली तर तूट पाण्याची नाही, पोटाची आहे. मागे मणके आणि कंबरेची हाडंही दिसतात. दुसरा प्रकार जास्त धोक्याचा. आठवड्याहून मोठ्या वासराला हगवण लागते तेव्हा रक्तात आम्लता साठते. डोळा फारसा खोल गेलेला नसतो, पण वासरू झिंगल्यासारखं पाय फाकवून उभं राहतं, डुलतं आणि चोखणं विसरतं. नुसत्या डोळ्याच्या फोटोवर विसंबून "ठीक आहे" म्हणणारा इथेच चुकतो. म्हणून बाजूचा फोटो हवाच.

बाजूच्या फोटोत मी आधी पाठीची रेषा पाहतो. निरोगी वासराची पाठ सरळ असते, चारही पायांवर भार सारखा असतो, मान वर आणि कान ताठ. पाठ कमानीसारखी वर आली, पोट आत ओढलं गेलं आणि चारही पाय जवळ आले, तर पोटात दुखतंय, थंडी वाजतेय किंवा पोट रिकामं आहे. या तिघांतलं नेमकं काय, ते फोटो सांगत नाही. कान पडलेले असतील तर ताप किंवा अशक्तपणाची शंका घ्यायची, आणि तिचं उत्तर थर्मामीटर देतो. वासराचं तापमान १०१.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइटच्या दरम्यान असावं. एक पाय उचलून धरलेला आणि गुडघा किंवा सांधा फुगलेला दिसला, तर नजर थेट बेंबीकडे न्यायची. नाळेवाटे शिरलेला जंतू रक्तातून सांध्यात जाऊन बसतो. बेंबी ओली, जाड किंवा सुजलेली असली तर लंगडण्याचं मूळ तिथेच असतं. नव्या वासराचे पुढचे पाय बोटांत मुडपलेले दिसले, की लोक घाबरतात. ते बहुतेक वेळा आखडलेल्या शिरांमुळे असतं आणि वासरू उभं राहून पाय टाकू शकत असेल, तर काही दिवसांत सुटतं. त्यासाठी वासरू टाकून देऊ नका.

फोटोतल्या केसांवर मात्र फार विसंबू नये. फ्लॅशमध्ये रोगट केसही चमकतात आणि सावलीत तेजदार केसही मरगळलेले वाटतात. उपयोगाची खूण एकच : उजेड बाजूने येत असताना पाठीच्या कण्यावर केस उभे दिसतात का. थंडी वाजणारं किंवा उपाशी वासरू केस उभारून त्यांत ऊब अडकवायला बघतं. जन्माच्या दिवशी मात्र केस आणखी एक गोष्ट सांगतात. व्याल्यानंतर तासाभरात आईने चाटून वासरू बऱ्यापैकी कोरडं केलेलं असावं. दोन तासांनीही ते ओलं, चिकट दिसलं, तर एकतर आईने जवळ घेतलेलं नाही किंवा वासरू तिच्या सडापर्यंत पोचलेलं नाही. आणि अंगभर केसांवर पिवळट-तपकिरी डाग असतील, तर वासराने आईच्या पोटातच विष्ठा टाकली आहे. व्यायला वेळ लागून वासराला प्राणवायू कमी पडला, की असं होतं. असं वासरू वरून ठीक दिसलं, तरी त्याला स्वतःहून चोखायला उशीर लागतो आणि चीक हाताने पाजावा लागतो.

चिकाचं इथे सांगायलाच हवं, कारण पाचव्या दिवशीच्या फोटोत दिसणाऱ्या दुखण्याची सुरुवात पुष्कळदा पहिल्या दिवशी झालेली असते. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढणारी द्रव्यं जवळजवळ नसतात. ती चिकातून आतड्यावाटे रक्तात जातात आणि ती वाट तासागणिक बंद होत जाते. चोवीस तासांनी ती मिटते. पहिल्या दोन तासांत दोन-अडीच लिटर आणि पहिल्या दिवसात वजनाच्या दहावा हिस्सा चीक पोटात गेला पाहिजे. या कालवडीच्या मालकाला विचारलं, तेव्हा कळलं की गाय रात्री व्याली, चीक सकाळी काढला आणि त्यातला बराचसा खरवसासाठी शेजारीपाजारी वाटला. खरवस वाटण्याची रीत मला प्रिय आहे, पण वाटणी वासराचं पोट भरल्यानंतरची.

शेळीच्या करडाच्या बाबतीत हाच हिशेब वेगाने धावतो. दोन किलोच्या करडाचं आठ टक्के पाणी म्हणजे एकशेसाठ मिलिलिटर, दीड कप चहाइतकं. उस्मानाबादी शेळीला जुळी होणं नेहमीचंच, आणि त्यातलं लहान करडू बाजूला ढकललं जातं. जुळ्यांचा एकत्र फोटो म्हणूनच कामाचा ठरतो, कारण तुलनेला शेजारीच दुसरं असतं. एक सरळ पाठीने उभं, दुसरं पाठ काढून, मान खाली घालून कोपऱ्यात, तर त्या दुसऱ्याच्या तोंडात स्वच्छ बोट घालून पाहा. तोंड ऊबदार असून ते बोट चोखत असेल, तर ते फक्त भुकेलेलं आहे. तोंड गार असून चोखत नसेल, तर दूध ओतू नका. ते फुप्फुसात जाईल. आधी अंग कोरडं करून ऊब द्या आणि डॉक्टरांना बोलवा. चांगली खूण व्हिडिओत सापडते. पोट भरलेलं करडू झोपेतून उठलं, की पाठ लांब करून आळस देतं. हा आळस आजारी करडात क्वचितच दिसतो.

पिवळेपणाबाबत एक सावधगिरी. पिवळ्या बल्बखाली पांढरा डोळा काविळीसारखा दिसतो आणि निळ्या ताडपत्रीखाली हिरड्या निळसर दिसतात. रंगावरून काही ठरवायचं असेल, तर फोटो दिवसाच्या उजेडात काढा आणि चौकटीत एक पांढरा कागद ठेवा. कागद पिवळा दिसला तर डोळ्यावर विश्वास ठेवू नका.

त्या कालवडीच्या मालकाला मी फोनवर एवढंच विचारलं : बोट चोखते का? चोखत होती, मंदपणे. तेवढ्यावरच तोंडाने पाणी देता येईल असं ठरलं. चोखणं थांबलेलं असतं, तर शिरेतून सलाइन देण्यावाचून इलाज नव्हता. एक लिटर कोमट पाण्यात ओआरएसची एक पुडी, दर तीन-चार तासांनी, दोन दुधांच्या मध्ये. दुधात मिसळायचं नाही आणि दूध बंदही करायचं नाही. उपास घडवून हगवण थांबत नाही, वासरू मात्र खंगतं. दोन लिटरची तूट, शिवाय दिवसभर हगवणीत जाणारं पाणी, असा हिशेब धरून संध्याकाळपर्यंत चार लिटर द्यायचं ठरलं. दुपारी मी स्वतः जाऊन तापमान घेतलं आणि छाती ऐकली. फोटोत या दोन गोष्टी येत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच डोळा, तीच पापणी ओढून, त्याच सावलीत काढलेला फोटो आला. फट जवळजवळ मिटली होती.

कोपऱ्यात दाणा बसेल इतकी फट दिसली आणि वासरू बोट चोखत नसेल, तर फोटो पाठवून उत्तराची वाट पाहत बसू नका. १९६२ या क्रमांकावर फोन करून फिरतं पशुवैद्यकीय पथक बोलवा आणि ते येईपर्यंत वासराला कोरड्या गोणपाटावर, छातीवर बसवून ठेवा.