माशाच्या नाकात दडलेला घरचा पत्ता

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर फ्रेझर नावाची मोठी नदी पॅसिफिक महासागराला मिळते. तिच्या उपनद्यांमध्ये दर शरद ऋतूत लाल अंगाचे सॉकाय सामन मासे अंडी घालायला येतात. त्यांतली एक उपनदी अ‍ॅडम्स. समुद्रापासून ती सुमारे ५०० किलोमीटर आत आहे. हे मासे तिथेच जन्मलेले असतात. पिल्लू असताना ते वर्षभर जवळच्या तळ्यात राहतात, मग प्रवाहाबरोबर खाली समुद्रात जातात आणि अलास्काच्या आखातापर्यंत पसरलेल्या पाण्यात साधारण दोन वर्षे काढतात. परत येताना त्यांच्यासोबत वाट माहीत असलेला कोणी जाणता नसतो, कारण सामनची मागची पिढी अंडी घातल्यावर मरून गेलेली असते. तरीही बहुतेक मासे नेमके आपल्याच नदीत शिरतात.

हे जमते कसे, याचे उत्तर शोधताना शास्त्रज्ञांना एक गोष्ट मान्य करावी लागली. समुद्र आणि नदी हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि सामन ते दोन वेगळ्या साधनांनी सोडवतो. त्यांतला नदीचा उलगडा आधी झाला.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातले आर्थर हॅस्लर आणि त्यांचे विद्यार्थी वॉरन विस्बी यांनी १९५१ मध्ये एक कल्पना मांडली. प्रत्येक ओढ्याच्या काठची माती, खडक, झाडे आणि पाण्यातले शेवाळ वेगळे असते. त्यामुळे त्या पाण्याला स्वतःचा असा वास येतो. पिल्लू हा वास लक्षात ठेवते आणि मोठे झाल्यावर त्याचा माग काढत परतते. ही कल्पना त्यांनी वॉशिंग्टन राज्यातल्या इसाक्वा या ओढ्यावर तपासली. तिथे दोन ओढ्यांचा संगम आहे. दोन्ही ओढ्यांत पोहोचलेले सुमारे तीनशे कोहो सामन पकडून संगमाच्या खाली नेऊन सोडले. त्यांतल्या निम्म्या माशांच्या नाकपुड्यांत बोळे घातले होते. नाक मोकळे असलेले मासे बहुतांशी पुन्हा आपापल्या ओढ्यात गेले. नाक बंद असलेल्यांना मात्र दोन फाट्यांतला फरक कळेना. ते कुठेही जाऊ लागले.

नाक लागते, एवढे यावरून ठरले. पण वास लहानपणीच पाठ होतो, हे अजून सिद्ध व्हायचे होते. त्यासाठी हॅस्लर यांच्या गटाने १९७० च्या दशकात मिशिगन सरोवरावर एक नेटका प्रयोग केला. मत्स्यबीज केंद्रातल्या कोहो पिल्लांच्या टाकीत त्यांनी मॉर्फोलिन नावाचे रसायन अगदी सूक्ष्म प्रमाणात मिसळले. हे रसायन निसर्गात ओढ्यांत सापडत नाही. दुसऱ्या गटाला वेगळ्याच रसायनाचा वास दिला, तर तिसऱ्या गटाला कोणताच दिला नाही. मग सगळी पिल्ले सरोवरात सोडली. दीड वर्षाने मासे परतण्याच्या हंगामात एका ओढ्यात मॉर्फोलिन आणि दुसऱ्यात दुसरे रसायन थेंब थेंब सोडले. मॉर्फोलिनमध्ये वाढलेल्या आणि पुन्हा सापडलेल्या माशांपैकी ९० टक्क्यांहून अधिक मॉर्फोलिनच्या ओढ्यात मिळाले. दुसऱ्या रसायनाच्या गटाचेही तसेच झाले. त्या ओढ्यांत हे मासे पूर्वी कधीही गेलेले नव्हते. त्यांना ओढीत होता तो फक्त लहानपणीचा वास.

हा वास कोणत्याही वयात ठसत नाही. समुद्रात जाण्याआधी पिल्लाचे शरीर बदलते. अंगावरचे पट्टे जाऊन चंदेरी रंग येतो, कल्ले खारे पाणी सोसायला तयार होतात आणि रक्तातले थायरॉइड संप्रेरक एकदम वाढते. वासाची आठवण मुख्यतः याच काही आठवड्यांत पक्की होते. पिल्लू नदीतून खाली जात असताना वाटेतल्या एकेका संगमाचा वासही टिपत जाते. म्हणजे त्याच्याजवळ एकच पत्ता नसतो. आधी मोठी नदी, मग उपनदी, मग ओढा अशी वासांची माळच असते. परतताना तो ती उलट्या क्रमाने ओढत जातो.

मात्र नदीचा वास भर समुद्रात पोहोचत नाही. मुखापासून दूर गेल्यावर तो विरून जातो. मग हजार किलोमीटरवरून नदीच्या मुखापर्यंत येण्यासाठी काय वापरायचे? इथे पृथ्वीचे चुंबकत्व कामी येते.

चुंबकसूची उत्तर दाखवते, हे सगळ्यांना माहीत असते. पण चुंबकीय क्षेत्रात आणखी दोन गोष्टी असतात. एक म्हणजे त्याची तीव्रता आणि दुसरी म्हणजे ते जमिनीशी करत असलेला कोन. अलिबागला हा कोन साधारण २५ अंश भरतो, तर व्हँकूव्हरजवळ सुमारे ७० अंश. उत्तरेकडे जावे तसा तो वाढत जातो. तीव्रताही जागेनुसार बदलते. ही दोन्ही मोजमापे ज्याला जाणवतात, त्याला आपण साधारण कुठे आहोत हे कळू शकते.

सामनला ती जाणवतात, याचा पुरावा निसर्गानेच मांडून ठेवलेल्या एका प्रयोगातून मिळाला. फ्रेझर नदीच्या मुखासमोर सुमारे ४५० किलोमीटर लांबीचे व्हँकूव्हर बेट आडवे पसरले आहे. परतणाऱ्या सॉकायला त्याला वळसा घालावाच लागतो, मग तो उत्तरेच्या खाडीतून असो वा दक्षिणेच्या. कोणत्या बाजूने किती मासे आले, याची नोंद मत्स्यव्यवसाय खाते वर्षानुवर्षे ठेवत आले आहे. कारण दक्षिणेच्या वाटेवर अमेरिकेचेही मच्छीमार असतात आणि माशांची वाटणी करावी लागते. एखाद्या वर्षी बहुतेक मासे दक्षिणेने येत, तर एखाद्या वर्षी ऐंशी टक्क्यांच्या आसपास उत्तरेने.

पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र स्थिर नसते, ते दरवर्षी थोडे सरकते. नेथन पुटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ५६ वर्षांच्या नोंदी या सरकण्याशी ताडून पाहिल्या. पिल्लू नदी सोडून गेले तेव्हा मुखाशी चुंबकीय क्षेत्र किती होते, हे आधी पाहायचे. दोन वर्षांनी दोन्ही खाड्यांच्या तोंडाशी ते किती आहे, हे नंतर पाहायचे. ज्या वर्षी उत्तरेच्या खाडीचे मोजमाप त्या जुन्या आकड्याच्या अधिक जवळ होते, त्या वर्षी उत्तरेने येणाऱ्यांचे प्रमाण वाढलेले दिसले. दक्षिणेचे जवळ असेल तेव्हा उलट. समुद्राचे पाणी गरम असेल तर मासे उत्तरेकडे झुकतात, हाही परिणाम त्यात होताच. पण चुंबकीय आठवणीचा वाटा त्यातून वेगळा काढता आला.

पुढच्याच वर्षी याच गटाने ओरेगॉनमधल्या एका संशोधन केंद्रात आणखी नवलाची गोष्ट दाखवली. समुद्र कधीच न पाहिलेल्या चिनुक सामनच्या पिल्लांभोवती त्यांनी तारेच्या वेटोळ्यांनी कृत्रिम चुंबकीय क्षेत्र तयार केले. त्यांची जात समुद्रात जिथवर फिरते, त्याच्या उत्तर टोकाचे क्षेत्र दिले की पिल्ले दक्षिणेकडे तोंड करत आणि दक्षिण टोकाचे दिले की उत्तरेकडे. म्हणजे नकाशाचा काही भाग ती जन्मतःच घेऊन येतात. नदीच्या मुखाची खूण मात्र जगून शिकावी लागते. हे क्षेत्र माशाच्या शरीरातल्या कोणत्या पेशी टिपतात, यावर एकमत झालेले नाही. पण या साधनाची मर्यादा स्पष्ट आहे. ते माशाला किनाऱ्याच्या योग्य पट्ट्यात आणून सोडते. नेमका ओढा ते सांगू शकत नाही. तिथून पुढे नाकाचे काम सुरू होते.

ईल मासा याच्या बरोबर उलट प्रवास करतो. युरोपातला ईल नद्यांत मोठा होतो आणि अंडी घालायला अटलांटिकपलीकडच्या सारगासो समुद्रात जातो. डॅनिश संशोधक योहानेस श्मिट यांनी अनेक वर्षे जाळी टाकून, अधिकाधिक लहान अळ्या कुठे सापडतात हे पाहत १९२२ मध्ये ती जागा दाखवून दिली. ईलची अळी प्रवाहाबरोबर वाहत जिथे पोहोचते ती तिची नदी. त्यामुळे तिला परतण्यासाठी ‘घरच्या’ ओढ्याचा वास नसतो. ईलच्या पिल्लांनाही चुंबकीय क्षेत्र कळते, हे २०१७ च्या प्रयोगांत दिसले. २०२२ मध्ये अझोर्स बेटांजवळून उपग्रह-खुणा लावून सोडलेल्या ईलपैकी काही सारगासोपर्यंत पोहोचल्याचे प्रथमच प्रत्यक्ष नोंदवले गेले.

दोन साधने असली तरी ती बिघडतात. लोखंडी नळांच्या सान्निध्यात, विस्कटलेल्या चुंबकीय क्षेत्रात वाढवलेल्या स्टीलहेड पिल्लांना दिशेची खूण पटत नाही, असे २०१४ मध्ये आढळले. आजूबाजूच्या धातूने आणि विजेने चुंबकीय मोजमाप बिघडते, हे मुंबईकरांना परके नाही. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला नेण्यात आली होती. माणसाने आपले उपकरण हलवले. केंद्रातल्या टाकीतले पिल्लू मात्र हलू शकत नाही.

नाकाचे शत्रू अधिक आहेत. लिटरभर पाण्यात तांब्याचे काही मायक्रोग्रॅम मिसळले तरी कोहोची घ्राणशक्ती काही मिनिटांत मंदावते. हे तांबे रस्त्यावरून येते. गाडीचा ब्रेक लागला की त्याच्या पॅडची भुकटी पडते आणि पावसाबरोबर ओढ्यात उतरते. म्हणूनच वॉशिंग्टन राज्याने २०१० मध्ये ब्रेक पॅडमधल्या तांब्यावर मर्यादा घालणारा कायदा केला.

कोलंबिया आणि स्नेक नद्यांवर वेगळाच पेच आहे. समुद्राकडे निघालेल्या पिल्लांच्या वाटेत आठपर्यंत धरणे येतात. टर्बाइनमधून जाताना ती मरू नयेत म्हणून अनेक पिल्ले पकडून बोटींतून खाली नेली जातात. जीव वाचतो. पण आठवड्यांचा प्रवास दोन-तीन दिवसांत उरकतो आणि वासांच्या माळेतले मणी गळतात. अशी नेलेली पिल्ले मोठी होऊन परतताना परक्या नदीत शिरण्याचे प्रमाण जास्त असते.

थोडी वाट चुकणे सामनच्या हिताचेही असते. १९८० मध्ये सेंट हेलेन्स ज्वालामुखीच्या राखेने आणि चिखलाने टूटल नदी भरून गेली, तेव्हा तिथले स्टीलहेड शेजारच्या नद्यांत शिरून तगले. पण ती चूक शेकड्यातल्या काहींची असते, तोवरच उपयोगाची. बोटीने नेलेल्या पिल्लांमध्ये तिचे प्रमाण वाढले, की परक्या नदीतल्या माशांशी मिसळून तिथल्या पाण्याला सरावलेली मूळ जात पातळ होते. दुसरीकडे त्यांची स्वतःची नदी रिकामी राहते. म्हणून परतलेले मासे मोजताना किती आले एवढेच पाहून आता भागत नाही. खुणा तपासून ते कुठून निघाले होते, हेही पाहावे लागते.