लंडनहून आलेलं पोह्यांचं पत्र

मराठी शिकायला लागून चार-सहा महिने झालेल्या लंडनच्या मुलीनं पुण्यातल्या पत्रमैत्रिणीला लिहिलं, तर ते साधारण असं असेल. पत्र मीच बेतलंय, पण त्यातल्या चुका नवख्यांच्या वह्यांत हमखास सापडणाऱ्या आहेत.

«प्रिय मैत्रिणी, नमस्कार. मी लंडनमध्ये राहतो. माझ्याकडे एक भाऊ आहे. मी पोहे खूप आवडते. काल मी पोहे खाल्ली. पुढच्या वर्षी मी पुणेमध्ये येणार. मग आम्ही दोघी सिंहगडावर जाऊ.»

‘राहतो’ का? इंग्रजीत ‘मी’बरोबरचं क्रियापद बाई-पुरुष बघत नाही, म्हणून तिनं तक्त्यातलं पहिलं रूप उचललं. ती मुलगी, म्हणून ‘राहते’. ‘माझ्याकडे भाऊ आहे’ म्हटलं की तो सध्या तिच्या घरी मुक्कामाला आलाय असं वाटतं. छत्री माझ्याकडे असते, भाऊ मला असतो.

पोह्यांची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. आवडण्यात मराठी माणूस कर्ता होत नाही, आवड त्याच्याकडे चालत येते: ‘मला पोहे आवडतात’. पुढच्या वाक्यात मात्र तिनं विचार करूनच ‘खाल्ली’ लिहिलंय. मी मुलगी, म्हणून क्रियापद स्त्रीलिंगी! पण भूतकाळात ‘खाणे’ खाणाऱ्याकडे बघत नाही, खाल्लेल्या पदार्थाकडे बघतं. म्हणून पोहे खाल्ले, आंबा खाल्ला, भाकरी खाल्ली, मग खाणारा मुलगा असो की मुलगी. तिनं भाकरी खाल्ली असती तर चूक पकडलीच गेली नसती. शिकवणाऱ्यानं म्हणूनच एका बरोबर वाक्यावर विसंबू नये, पदार्थ बदलून पाहावा. फक्त चहा पाजू नये. ‘पिणे’ या नियमाला जुमानत नाही: ती ‘मी चहा प्याले’ म्हणते, तिचा भाऊ ‘प्यालो’. ‘शिकणे’ही त्याच पंक्तीतलं.

‘पुणेमध्ये’चं ‘पुण्यामध्ये’ करायचं, कारण प्रत्यय लागण्याआधी नाम आपलं रूप बदलतं. ‘लंडन’ जसंच्या तसं राहिलं, म्हणून ती फसली.

उरलं ‘आम्ही’. व्याकरणात इथे काहीच खटकत नाही, आणि तीच अडचण आहे. इंग्रजीत या सर्वनामाला एकच शब्द. मराठीत ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला वगळतं, ‘आपण’ त्याला सोबत घेतं. पुण्याची मैत्रीण हे वाक्य वाचून विचारेल, दुसरी कोण? लंडनची मुलगी भलतीच मैत्रीण घेऊन सिंहगड चढणार आणि ही घरी बसणार!

तुमच्याकडे असं पत्र आलं, तर ‘पुणेमध्ये’ राहू द्या एक वेळ. ‘आम्ही’ आधी खोडा.