ध्येय पक्कं, तारीख तुम्ही सांगा

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, तेव्हा राज्यातल्या अनेक अनुदानित शाळांना नवे मुख्याध्यापक मिळालेले असतात. खाजगी शाळांसाठीच्या 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीनुसार हे पद साधारणपणे सेवाज्येष्ठतेनं मिळतं. संस्थेच्या अनेक शाखा असतील तर दुसऱ्या शाखेतले शिक्षक बढतीवर येतात आणि ज्या शाळेचे प्रमुख होतात, तिथला एकही वर्ग त्यांनी घेतलेला नसतो. समोर बसलेल्यांपैकी कुणीतरी तोवर प्रभारी म्हणून कारभार सांभाळलेला असतो. अशा वेळी शिक्षक-शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या पहिल्या सभेत काय बोलायचं?

एक उदाहरण घेऊ. बीड जिल्ह्यातली पाचवी ते दहावीची शाळा. बरेचसे पालक ऊसतोडीला जाणारे. नव्या मुख्याध्यापिका पश्चिम महाराष्ट्रातल्या शाखेतून आलेल्या. सभेआधी त्यांनी दोन कामं उरकली आहेत. प्रभारी सरांना एकट्याला भेटून त्या तासभर बोलल्या आणि गेल्या वर्षीची हजेरीपत्रकं चाळली. नोव्हेंबरपासून पाचवीच्या पटावर गैरहजेरीच्या खुणा दाटत गेलेल्या त्यांना दिसल्या.

सभेत त्या आधी प्रभारी सरांचे आभार मानतात, तेही नेमक्या कामाचा उल्लेख करून: "शिक्षकांची दोन पदं रिकामी असताना सरांनी एकही तास मोकळा जाऊ दिला नाही, हे मी तासिकांच्या नोंदींत पाहिलं." नुसत्या "छान सांभाळलंत"पेक्षा हे वाक्य सभेला पटतं, कारण बाईंनी नोंदी वाचल्या आहेत हे त्यातून कळतं.

मग ध्येय, आणि तेही एकच: "पाचवीतल्या प्रत्येक मुलाला दुसरीच्या पातळीची गोष्ट न अडखळता वाचता आली पाहिजे. यात मी तडजोड करणार नाही." हे मोजायचं कसं, तेही त्या लगेच सांगतात. मुलाला एकट्याला जवळ बसवायचं आणि परिच्छेद वाचायला द्यायचा. जमला तर गोष्ट द्यायची, अडला तर शब्द आणि तिथेही अडला तर अक्षरं. 'असर'च्या पाहणीत वाचन असंच तपासतात. एका मुलाला तीन मिनिटं धरली, तर साठ मुलांना तीन तास लागतात. दोन शिक्षकांनी वाटून घेतलं तर प्रत्येकी दीड तास. काम केवढं आहे हे समोर मांडलं, की "वेळ कुठून आणायचा?" या प्रश्नाला तिथल्या तिथे उत्तर मिळतं.

यानंतर बाई म्हणतात, "मी डिसेंबरअखेर ही मुदत धरली होती. पण हजेरीपत्रक वेगळंच सांगतंय. मुलं नेमकी कधी जातात, परत कधी येतात, मागे कोण राहतं, हे तुम्हाला माहीत आहे, मला नाही. तारीख तुम्ही सांगा."

आता सभा बोलू लागते. पाचवीचे वर्गशिक्षक सांगतात की दसरा झाला की टोळ्या हलायला लागतात, दिवाळीनंतर वर्ग निम्मा होतो. लिपिकांना माहीत असतं, कुठल्या घरात आजी-आजोबा मागे राहतात. शिपाईमामांना ठाऊक असतं, कोणत्या वाडीची मुलं एसटी चुकली की येतच नाहीत. तपासणी जूनमध्येच उरकायची आणि मुदत दसऱ्याच्या आधीची धरायची, असं ठरतं. आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहू शकतील अशा मुलांची यादी वेगळी होते. ध्येय तेच राहिलं, पण डिसेंबरची मुदत धरली असती तर निम्मी मुलं तपासणीला हजरच नसती.

पहिली सभा बिघडते ती बहुधा तीन वाक्यांनी. "आमच्या तिकडे असं नव्हतं" म्हटलं, की ऐकणाऱ्यांना आपल्या वर्षांची किंमत शून्य झाल्यासारखी वाटते. "तुम्हीच सांगा काय करायचं" हे नम्र वाटतं, पण त्यातून दिशा मिळत नाही आणि सभा जुन्या तक्रारींत जाते. तिसरं वाक्य रिकाम्या पदांबद्दलचं वचन. पदं संचमान्यतेवर ठरतात, ती भरणं एकट्या मुख्याध्यापकाच्या हातात नसतं. तिथे "पाठपुरावा करेन आणि काय झालं ते दर महिन्याला सांगेन" एवढंच खरं वचन देता येतं.

सभा बिघडल्याचं लगेच कळत नाही. सगळे माना डोलावतात, खरी चर्चा नंतर स्टाफरूममध्ये होते. पुढच्या सभेला वर्गशिक्षक मुलांच्या नावांसह यादी घेऊन आले, तर ध्येय त्यांनी आपलं मानलंय असं समजावं. "तपासणी चालू आहे" एवढंच उत्तर आलं, तर बाईंनी स्वतः पाचवीच्या वर्गात जाऊन पहिल्या दहा मुलांचं वाचन वर्गशिक्षकांसोबत घ्यावं. म्हणून पुढच्या सभेची तारीख पहिल्याच सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यायला हवी.